विक्री तीच, टक्के वेगळे

कपड्यांचं एक दुकान कल्पनेत उभं करू. त्याची विक्री रोज बरोबर एक लाख रुपये. सण नाही, सुट्टी नाही, एक रुपया इकडचा तिकडे नाही. मालकाच्या मोबाइलवर रोज सकाळी डॅशबोर्ड रिफ्रेश होतो आणि गेल्या ३० दिवसांच्या विक्रीची तुलना आधीच्या ३० दिवसांशी आणि गेल्या वर्षीच्या याच काळाशी करून दाखवतो. उत्तर रोज शून्य टक्के यायला हवं. येत नसेल, तर ती वाढ-घट धंद्याची नाही, तारखांच्या हिशेबाची आहे. कुठलाही रिपोर्ट मालकाच्या हाती देण्याआधी अशा सपाट आकड्यांवर चालवून पाहावा. खऱ्या विक्रीत दोन-तीन टक्क्यांचा फरक कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, म्हणून या चुका वर्षानुवर्षं तशाच राहतात.

३१ मार्च २०२४, सकाळचे सहा. बहुतेक जण ‘आजपासून ३० दिवस मागे, तिथपासून आजपर्यंत’ असं लिहितात. आज वजा ३० म्हणजे १ मार्च. पण १ ते ३१ मार्च मोजले तर दिवस भरतात ३१, कारण दोन्ही टोकं धरली गेली. त्यातला शेवटचा दिवस नुसता नावाला, दुकान अजून उघडलेलंच नाही. बेरीज ३० लाख. आधीचा काळ त्याच रीतीने काढला तर ३१ जानेवारी ते १ मार्च, तेही ३१ दिवस, पण सगळे पूर्ण. बेरीज ३१ लाख. १ मार्च तर दोन्हीकडे मोजला गेला. डॅशबोर्ड सांगतो, विक्री ३.२ टक्क्यांनी घसरली. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तोच रिपोर्ट रिफ्रेश केला, तर घसरण गायब!

उपाय साधा आहे. सुरुवातीची तारीख धरायची, शेवटची सोडायची आणि शेवट म्हणून चालू दिवस द्यायचा, म्हणजे अर्धवट दिवस आपोआप बाहेर राहतो:

```sql
WHERE bill_date >= DATE '2024-03-31' - 30
  AND bill_date <  DATE '2024-03-31'
```

आता १ ते ३० मार्च असे ३० दिवस येतात. आधीचा काळ ३१ जानेवारी ते २९ फेब्रुवारी, तेही ३०.

इथे मुद्दाम ठरावीक तारीख लिहिली आहे. रोजच्या कामात लोक त्या जागी ‘आज’ देणारं फंक्शन टाकतात, पण तो ‘आज’ कुठला? पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत `TODAY()` जागतिक वेळेनुसार, म्हणजे यूटीसीनुसार, तारीख देतं. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा असतात, आणि सगळा काळ एक दिवस मागे सरकतो. शिवाय काल रात्रीची बिलं सर्व्हरवर पोहोचलीच नसतील, तर ३० दिवसांच्या चौकटीत माल २९ दिवसांचाच. म्हणून ज्या दिवसापर्यंतची बिलं पूर्ण आली तो दिवस रिफ्रेशच्या वेळी एकदाच ठरवावा, सगळी गणितं त्यावरूनच करावीत आणि ती तारीख रिपोर्टवर ठळक छापावी.

महिनाअखेरीचं दुखणं निराळं. ‘गेल्या महिन्याची हीच तारीख’ ३१ मार्चला अस्तित्वातच नसते. एक्सेलचं `EDATE` अशा वेळी २९ फेब्रुवारी देतं. २९, ३० आणि ३१ मार्च या तिघांनाही तीच तारीख मिळते. एसक्यूलाइटमध्ये मात्र ३१ मार्चमधून एक महिना वजा केला की २ मार्च येतो, म्हणजे तोच महिना! पूर्ण मार्च आणि पूर्ण फेब्रुवारी समोरासमोर ठेवले, तर ३१ लाखांसमोर २९ लाख, जवळपास सात टक्के वाढ, आणि आपल्या दुकानात तर काहीच घडलेलं नाही. महिन्यांची तुलना करायचीच असेल, तर रोजच्या सरासरीने करावी.

लीप वर्ष याहून गुपचूप दगा देतं. १० मार्च २०२४ च्या सकाळी ३० दिवसांचा काळ येतो ९ फेब्रुवारी ते ९ मार्च. दोन्ही टोकं एक वर्ष मागे नेली, तर २०२३ मध्ये त्याच तारखांत २९ दिवसच बसतात. फुकटची ३.४ टक्के वाढ. पुढच्या वर्षी हिशेब उलटतो. २०२५ च्या ३० दिवसांसमोर २०२४ चे ३१ उभे राहतात आणि घट दिसते. म्हणून फक्त शेवटचं टोक वर्षभर मागे न्यावं आणि तिथून पुन्हा ३० दिवस मोजावेत. २०२३ साठी ८ फेब्रुवारी ते ९ मार्च येतील, पूर्ण ३०.

एवढं करूनही खऱ्या दुकानात एक फट राहतेच. ३० दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. १ ते ३० मार्च २०२४ मध्ये शनिवार पाच आहेत, आधीच्या ३० दिवसांत चारच. ज्यांचा गल्ला शनिवार-रविवारी भरतो, त्यांनी २८ दिवसांचा काळ घ्यावा आणि गेल्या वर्षाशी तुलना करताना ३६४ दिवस मागे जावं, वार जुळतात. दिवाळीला मात्र हेही पुरत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. त्यासाठी सणांच्या तारखांचा वेगळा तक्ता पंचांग पाहून हातानेच भरावा लागतो.