ले-ऑफ, कपात की बडतर्फी?

2021च्या एप्रिलमध्ये तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातल्या सुमारे 1400 कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. तिथले उत्पादन 2020च्या डिसेंबरमध्येच थांबले होते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळेल, असे कंपनीने कळवले आणि संघटनेने न्यायालयाची वाट धरली. चार वर्षांनी, 2025च्या जुलैमध्ये, टीसीएसने आपले सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून जास्त कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. बातम्यांमध्ये तोही ले-ऑफच ठरला. कायदा मात्र या दोन घटना एका खात्यात टाकत नाही. तळेगावच्या कामगारांना काम मिळत नव्हते, पण त्यांची नावे हजेरीपटावर कायम होती. टीसीएसच्या घोषणेत नोकरीच संपणार होती.

हा फरक थेट पैशांत उतरतो, म्हणून तो नोकरदार माणसाने समजून घ्यायला हवा. औद्योगिक विवाद कायदा 1947चा. त्याची जागा 21 नोव्हेंबर 2025पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. नियमांचा गाभा मात्र बराचसा जुनाच राहिला.

कच्चा माल आला नाही, वीज नाही, यंत्र बिघडले, गोदामात माल तुंबला, पूर आला, अशा कारणाने मालक कामगाराला काही काळ काम देऊ शकत नाही, तेव्हा तो ले-ऑफ. हजेरीपटावर नाव आणि वर्षभराची सलग सेवा असलेल्या कामगाराला साप्ताहिक सुट्ट्या सोडून त्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाई मिळते. ही तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांच्यासाठी आहे, आणि तीही किमान 50 कामगार असतील तर. बदली आणि हंगामी कामगार तिच्याबाहेर राहतात. कामगाराने रोज ठरलेल्या वेळी कारखान्यात हजेरी लावायची असते, नाहीतर त्या दिवसाची भरपाई बुडू शकते. घरी बसा म्हटले म्हणून गावी निघून गेलेल्या अनेकांना हा नियम नंतर कळतो. बारा महिन्यांत 45 दिवसांहून जास्त ले-ऑफ झाला, तर मालक कपातीकडे वळू शकतो, आणि आधी दिलेली ले-ऑफची भरपाई कपातीच्या भरपाईतून वळती करून घेऊ शकतो.

म्हणजे आयटी कंपनीत या अर्थाचा ले-ऑफ होतच नाही. तिथे जे होते ती कपात असते, राजीनामा असतो किंवा करारानुसार सेवासमाप्ती असते.

कपात म्हणजे शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराची नोकरी संपवणे. स्वेच्छानिवृत्ती, निवृत्तीचे वय, मुदतीचा करार संपणे, असे काही अपवाद त्यातून वगळले आहेत. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. वरचे महिने सहांहून जास्त असले, तर तेही एक वर्ष धरले जाते. ही रक्कम कपात करतानाच हातात पडली पाहिजे. नंतर पाठवतो म्हणून कामगाराला काढले आणि पैसे दिलेच नाहीत, तर ती कपात न्यायालयात टिकत नाही. सर्वसाधारणपणे त्या प्रकारच्या कामात जो शेवटी लागला तो आधी जातो, आणि वर्षभरात पुन्हा भरती झाली तर कमी केलेल्यांना प्राधान्य द्यावे लागते.

हिशेब मांडून पाहू. एका मध्यम कारखान्यातल्या कामगाराचा एकूण पगार 28 हजार, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 20 हजार, बाकी घरभाडे आणि प्रवास भत्ता. सेवा 7 वर्षे 8 महिने, म्हणजे हिशेबात 8 वर्षे. पूर्ण महिना ले-ऑफ असेल, तर हातात साधारण 10 हजार येतील आणि नोकरी शाबूत राहील. त्याचीच कपात झाली, तर भरपाई 8 वर्षांची, वर्षाला अर्धा महिना, म्हणजे 80 हजार. नोटीस दिली नसेल तर 20 हजार. संहितेने आणलेल्या पुनर्कौशल्य निधीतून 15 दिवसांचा पगार, 10 हजार, हा कपातीपासून 45 दिवसांत त्याच्या खात्यावर जमा व्हायचा. पाच वर्षे भरली असल्याने ग्रॅच्युइटीही मिळेल. तिच्या सूत्रात महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून ती 92 हजारांच्या थोडी वर जाते. सगळे मिळून दोन लाखांच्या घरात. शिल्लक रजेचे पैसे आणि पीएफ वेगळे.

आता याच कामगाराला गैरवर्तनाच्या कारणावरून काढले तर? ही बडतर्फी. इथे नोटीस नाही, कपातीची भरपाई नाही. पण मालकाला आधी आरोपपत्र द्यावे लागते, खात्यांतर्गत चौकशी करावी लागते, कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते. तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ ही बडतर्फी नव्हे, तो नियमभंग आहे. बडतर्फीने ग्रॅच्युइटी आपोआप जात नाही. नुकसान केले असेल तर तेवढ्यापुरती, आणि हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर पूर्ण, ती रोखता येते. पीएफमध्ये जमा झालेला पैसा कुठल्याही परिस्थितीत कामगाराचाच.

सर्वांत जास्त नुकसान या तिन्हींच्या बाहेरच्या एका कागदाने होते, तो म्हणजे राजीनामा. ‘रेकॉर्ड खराब होईल, तुम्हीच लिहून द्या’ असे सांगून एका बैठकीत सही घेतली जाते. राजीनामा स्वेच्छेचा मानला जातो, म्हणून वरच्या हिशेबातले 80 हजार, नोटीसचे 20 हजार आणि निधीचे 10 हजार एका सहीने पुसले जातात. दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे मग काढलेल्या माणसावर येते. टीसीएसच्या घोषणेनंतर पुण्याच्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे धाव घेतली होती.

या संरक्षणाला मर्यादा आहेत. ते कामगारापुरते आहे. व्यवस्थापकाला आणि 18 हजारांहून जास्त पगाराच्या पर्यवेक्षकाला ते मिळत नाही, त्यांच्या बाबतीत नियुक्तीपत्रातला करार चालतो. पण व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ छापले म्हणून कोणी व्यवस्थापक होत नाही. न्यायालय प्रत्यक्ष काम पाहते. हाताखाली कोणी नाही, निर्णयाचा अधिकार नाही, दिवसभर कोड लिहिणे एवढेच काम, असा अभियंता कामगार ठरू शकतो. दुसरी मर्यादा परवानगीची. 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी तीन महिन्यांची नोटीस आणि सरकारची परवानगी लागते. 1947च्या कायद्यात हा आकडा 100 होता. त्यामुळे दोनशे कामगारांचा कारखाना आता परवानगीविना कपात करू शकतो. लाखो लोक नेमणाऱ्या आयटी कंपनीला तर हा परवानगीचा नियम लागूच होत नाही, कारण ती कारखाना नाही.

नोकरी जाताना मिळालेल्या पत्रात कोणता शब्द आहे, कोणते कारण आहे, किती वर्षे धरली आहेत, हे सहीआधी वाचावे. प्रत हाती घ्यावी, पगारपत्रके आणि नियुक्तीपत्र घरी ठेवावे. काढल्यानंतरचा देय पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, असे वेतन संहिता सांगते. काढणे चुकीचे वाटत असेल, तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. 45 दिवसांत मार्ग निघाला नाही, तर कामगार थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. त्यासाठी नोकरी गेल्याच्या तारखेपासून दोन वर्षांची मुदत आहे.