माहितीपत्रकातली मुलगी कुणाची?



यंदाचं माहितीपत्रक मिळाल्यावर आपल्यापैकी अनेकांनी विचारलं, की पहिल्या पानावरचे मुलांचे फोटो कुठं गेले आणि संगणकानं तयार केलेली चित्रं कशाला? प्रश्न रास्त आहे. पैसे खऱ्या मुलांसाठी द्यायचे आणि पाहायचं काल्पनिक मूल, हे खटकणारच. स्वयंसेवक म्हणून पत्रकाचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे उत्तरही मीच देते.

आपलं वसतिगृह बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आहे. दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात ते मार्च-एप्रिलला परततात; तोवर मुलं आपल्याकडे. आता अशा पत्रकात नेहमी असतो तसा एक फोटो डोळ्यांपुढे आणा. कोपीच्या दारात उभी बारा वर्षांची मुलगी, अंगावर शाळेचं नाव विणलेला गणवेश, मागे कारखान्याचा ट्रॅक्टर, खाली तिचं नाव आणि ‘वडिलांवर मुकादमाची उचल’ अशी ओळ. तालुक्यातल्या माणसाला ती कोण हे कळायला यातली कुठलीही एक गोष्ट पुरते. पत्रकाची पीडीएफ संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते, तिथं वर्गातली पोरंही असतात आणि मुकादमही. सहा वर्षांनी तिला स्थळं येऊ लागतील, तेव्हाही तो फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये असेल.

‘पालकांची सही घ्या की!’ असं काहींनी सुचवलं. सही मिळते, तीच तर अडचण आहे. लेकरू ज्यांच्याकडे जेवतं-झोपतं, त्या ताईंना कुठली आई नाही म्हणेल? शिवाय काही मुलांची प्रकरणं बालकल्याण समितीपुढे आहेत. त्यांची ओळख पटेल असा फोटो किंवा मजकूर छापायला बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली तर गणवेश आणि गाव तसंच राहतं, वर मूल आरोपीसारखं दिसतं.

म्हणून चित्रं. मात्र एकाही मुलाचा फोटो आम्ही त्या साधनात घातलेला नाही. २०२५च्या मार्चमध्ये स्वतःच्या फोटोचं जपानी कार्टून करून घ्यायची लाट आली होती, ती आठवत असेल. त्यात चेहरा ओळखू येतो आणि मूळ फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो. आम्ही फक्त शब्दांत वर्णन लिहिलं.

पहिल्या खेपेला जे आलं ते पाहून वसतिगृहातल्या मावशी हसायलाच लागल्या. उसाच्या जागी बांबू, कोयत्याच्या जागी विळा, कोपी म्हणून मातीची गोल झोपडी, आणि फळ्यावर देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरं. ‘गरीब ऊसतोड कामगाराची मुलगी’ एवढं लिहिलं, की फाटका फ्रॉक, गालावर माती आणि पाणावलेले टपोरे डोळे ठरलेलेच. ही साधनं मथळ्यांसकट असलेल्या असंख्य चित्रांवरून शिकतात, आणि ‘गरीब मूल’ या मथळ्याखाली वर्षानुवर्षं असलेच फोटो छापले गेले. ऑक्सफर्डच्या एका संशोधकानं गोऱ्या मुलांवर उपचार करणारे आफ्रिकी डॉक्टर काढून मागितले, तर रुग्ण पुन्हा पुन्हा काळेच येत राहिले. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२३ साली ते छापून आलं आहे.

मग ‘गरीब’ शब्दच काढून टाकला. मुलगी काय करते आहे ते लिहिलं: दोन वेण्या, सतरंजीवर मांडी, पुढ्यात गणिताची वही, शेजारी मैत्रीण उत्तर चोरून बघतेय. फळा कोरा मागितला आणि अक्षरं नंतर आपली आपण टाकली. प्रत्येक चित्र मावशींनी तपासलं. त्यांनी स्वतः ऊस तोडलेला आहे. कोयत्याचं चित्र काही केल्या जमेना, ते गाळलं. चित्रकाराकडून काढून घेतलेली चित्रं यापेक्षा सरस झाली असती, हे मलाही मान्य आहे. यंदा छपाईच्या खर्चात ते बसलं नाही.

फोटोसारखी हुबेहूब चित्रं मात्र मुद्दाम टाळली. २०२३मध्ये अ‍ॅम्नेस्टीच्या नॉर्वे शाखेनं कोलंबियातल्या २०२१च्या आंदोलनांसाठी तशी चित्रं वापरली. त्यात कोलंबियाच्या झेंड्याचे पट्टेच उलटसुलट आले होते. टीका झाली आणि चित्रं मागे घ्यावी लागली. खऱ्या घटनेचा पुरावा म्हणून बनावट फोटो दाखवला, की खऱ्या फोटोंवरचाही भरवसा उडतो. त्यामुळे आपली चित्रं सपाट रंगांची, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखी आहेत आणि प्रत्येकाखाली छापलंय: ‘संगणकावर तयार केलेलं चित्र, यातलं मूल खरं नाही.’

पैसे कुठं गेले हे चित्रावरून कळणार नाही. तसं ते फोटोवरूनही कळत नव्हतं. त्यासाठी लेखापरीक्षित हिशेब आणि मुलांच्या हजेरीचे महिनावार आकडे शेवटच्या पानावर आहेत. इमारतीचे, स्वयंपाकघराचे आणि संमती दिलेल्या कर्मचाऱ्यांचे फोटो पूर्वीसारखेच खरे आहेत. करसवलतीसाठीचं प्रमाणपत्र नेहमीप्रमाणे मिळेल. आणि भेटीला जरूर या, मुलांशी गप्पा मारा. फोन तेवढा कार्यालयात ठेवावा लागेल.

आपली,
एक स्वयंसेविका