नळावरचा पांढरा थर: काय लावायचं, काय नाही

नागपुरात बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना नळावरचा पांढरा थर ठाऊकच असेल. बहुतेक तो असतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. बऱ्याच आम्लांत विरघळतो. प्रश्न असतो खालच्या धातूचा.

मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये टॉयलेट क्लीनर स्टीलच्या सिंकमध्ये ओतला आणि चहा करायला गेलो. परत येऊन बघतो तर काय, थर गेला, पण सिंकवर काळपट डाग आणि बारीक खड्डे! त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. त्यातला क्लोराइड स्टीलवरचा संरक्षक पापुद्रा फोडतो. हेच ॲसिड नळाचं क्रोमही खातं आणि खालचं पिवळट पितळ दिसायला लागतं. मग कितीही घासा, चमक परत येत नाही. म्हणून बाटलीवर हे नाव दिसलं, की नळ आणि सिंकपासून लांब ठेवा.

आता मी किराणा दुकानातलं लिंबूसत्व वापरतो. ग्लासभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. पिशवीत भरून शॉवरला अर्धा तास बांधायचं, मग जुन्या टूथब्रशने छिद्रं घासायची. नळावर आणि सिंकवर भिजवलेलं फडकं फक्त दहा मिनिटं. बुडबुडे थांबले, की धुऊन कोरडं पुसा. थर उरला तर पुन्हा लावा, पण रात्रभर ठेवू नका.

काळ्या किंवा सोनेरी नळांना मात्र साबणाचं पाणीच बरं. संगमरवरी ओट्यावर लिंबूसत्व सांडू देऊ नका, तोही चुनखडीचाच. आणि कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.