चुकीचं नाव, बरोबर रेणू

रसायनशास्त्राच्या वहीत एखाद्या विद्यार्थ्याने पुढील नाव लिहिलं आहे, असं समजा: 2-इथाइल-3,8-डायमिथाइलनोनेन. नाव लांबलचक असलं तरी त्याचा अर्थ साधा आहे. नोनेन म्हणजे नऊ कार्बनची सरळ साखळी. तिच्या दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनची शाखा, म्हणजे इथाइल. तिसऱ्या आणि आठव्या कार्बनवर एकेका कार्बनची शाखा, म्हणजे मिथाइल. या नावावरून रेणू काढायला बसलं, तर कुठेही अडत नाही. तो असा येतो:

CH3–CH(C2H5)–CH(CH3)–(CH2)4–CH(CH3)–CH3

रेणू ठीक आहे, तरीही नाव चूक आहे. सेंद्रिय संयुगांच्या नावांतली खरी पंचाईत हीच. चुकीच्या नावावरूनही बरोबर रेणू काढता येतो, त्यामुळे चूक लपून राहते. मात्र एकाच पदार्थाला दोन नावं मिळाली, तर सूचीत त्याच्या दोन नोंदी होतात आणि शोधणाऱ्याच्या हाती अर्धीच माहिती लागते. एका पदार्थाला एकच पद्धतशीर नाव असावं, या हेतूने 1892 साली जिनिव्हात रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. पुढे 1919 मध्ये स्थापन झालेल्या आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते काम हाती घेतलं. शाळा-कॉलेजात शिकवले जाणारे नामकरणाचे नियम आज तिचेच असतात.

म्हणून नाव तपासायचं तर नुसतं वाचून भागत नाही. नावावरून रेणू काढायचा, मूळ नाव झाकून ठेवायचं आणि त्या रेणूला पहिल्यापासून नाव द्यायचं. दोन्ही नावं जुळली, तर ठीक.

पहिला प्रश्न साखळीचा. सर्वांत लांब सलग साखळी कोणती? कागदावर जी आडवी दिसते तीच लांब, असं डोळे गृहीत धरतात. साखळी मात्र वळू शकते, शाखेतही शिरू शकते. आपल्या रेणूत डावीकडचा दुसरा कार्बन पाहा. त्याच्या एका अंगाला एकच कार्बन उरतो, तो साखळीचा शेवट. दुसऱ्या अंगाला इथाइल शाखेचे दोन कार्बन आहेत. मग साखळी त्या एका कार्बनाकडे कशाला न्यायची? इथाइलमधून नेली, तर नऊऐवजी दहा कार्बन मिळतात. म्हणजे मुख्य साखळी नोनेन नव्हे, डेकेन. आपण जिला साखळीचं टोक समजत होतो, तो एकटा कार्बन आता मिथाइल शाखा ठरतो.

ही चूक खरं तर रेणू न काढताही पकडता आली असती. 2-इथाइल हे शब्दच ती सांगत होते. जवळच्या टोकापासून मोजल्यावर शाखा दुसऱ्या कार्बनवर असेल, तर तिच्यापलीकडे साखळीचा एकच कार्बन शिल्लक असतो. शाखा त्याहून लांब असेल, तर साखळी चुकीच्या वाटेने गेली आहे. याच हिशेबाने अल्केनच्या नावात 1-मिथाइल कधीच येऊ शकत नाही, 2-इथाइलही नाही आणि सरळ शाखेचं 3-प्रोपाइलही नाही. 3-इथाइल मात्र चालतं, कारण तिथे शाखा आणि टोकाचा तुकडा सारखेच लांब असतात. टोक उजवीकडचंही असू शकतं, हे लक्षात ठेवावं: नऊ कार्बनच्या साखळीत 8-इथाइल म्हणजे उलट बाजूने 2-इथाइलच.

साखळी बदलली की कार्बनची बेरीज पडताळावी. जुन्या नावात नऊ अधिक दोन अधिक एक अधिक एक, म्हणजे तेरा. नव्या नावात दहा अधिक तीन मिथाइल, तेही तेरा. बेरीज जुळली नाही, तर साखळी शोधताना एखादा कार्बन सुटला किंवा दोनदा मोजला गेला, असं समजावं.

आता क्रमांक. दहा कार्बनच्या साखळीला दोन टोकं आहेत, म्हणजे दोन शक्यता. आधी जिथे इथाइल होतं त्या टोकापासून मोजलं, तर तीन मिथाइल 3, 4 आणि 9 या स्थानांवर येतात. दुसऱ्या टोकापासून मोजलं, तर 2, 7 आणि 8 वर. यातलं कोणतं घ्यायचं?

बरेच विद्यार्थी इथे बेरीज करतात. 3, 4, 9 ची बेरीज 16. 2, 7, 8 ची 17. लहान बेरीज ती बरोबर, असं मानून ते 3,4,9-ट्रायमिथाइलडेकेन लिहितात. हे उत्तर चूक आहे, कारण बेरजेचा नियम आययूपीएसीने घातलेलाच नाही. नियम आहे पहिल्या फरकाचा. दोन्ही संच चढत्या क्रमाने मांडायचे आणि आकडे एकेक करून ताडून पाहायचे. जिथे पहिल्यांदा फरक पडेल तिथे ज्याचा आकडा लहान, तो संच जिंकतो. पुढचे आकडे कितीही मोठे असोत. शब्दकोशात ‘कमळ’ आणि ‘खत’ यांचा क्रम पहिल्याच अक्षरावर ठरतो, तसंच हे आहे. इथे पहिलाच आकडा 2 विरुद्ध 3. निकाल लागला: 2,7,8-ट्रायमिथाइलडेकेन.

मग बेरजेचा नियम इतका रुजला कसा? साखळीवर दोनच शाखा असल्या, तर तो कधीच चुकत नाही, हे त्याचं एक कारण. समजा, साखळीत दहा कार्बन आहेत आणि शाखा 3 व 6 वर. उलट मोजलं, तर प्रत्येक आकडा 11 मधून वजा होतो आणि स्थानं 5 व 8 होतात. दोन शाखा असताना ज्या बाजूचा पहिला आकडा लहान, त्याच बाजूची बेरीजही लहान येते, कारण दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नावर अवलंबून असतात: दोन्ही स्थानं मिळून कोणत्या टोकाकडे झुकतात? त्यामुळे दोन शाखांची कितीही उदाहरणं सोडवली, तरी चुकीचा नियम उघडा पडत नाही. तिसरी शाखा आली की दोन्ही नियमांच्या वाटा फुटू शकतात. आपल्या रेणूत एक मिथाइल एका टोकाच्या अगदी जवळ आहे आणि दोन दुसऱ्या बाजूला झुकले आहेत. बेरीज त्या दोघांच्या बाजूने जाते, नियम त्या एकट्याच्या. तेव्हा आपण नियम बरोबर वापरतो का, हे पाहायला तीन शाखांचं असं तिरकं उदाहरणच घ्यावं.

हे सगळं झालं फक्त एकेरी बंध आणि शाखा असलेल्या अल्केनपुरतं. अल्कोहोलसारख्या संयुगात OH गट ज्या साखळीवर आहे तीच मुख्य साखळी, आणि लहान क्रमांकाचा पहिला मानही त्या गटाचा, शाखा नंतर. दुहेरी बंधाच्या बाबतीत तर नियमच बदलला आहे. CH2=C(C2H5)–C4H9 या रेणूचं जुन्या पुस्तकांतलं नाव 2-इथाइलहेक्स-1-ईन, कारण दुहेरी बंध मुख्य साखळीत असलाच पाहिजे, असा तेव्हाचा नियम होता. आययूपीएसीच्या 2013 च्या शिफारशींनी साखळीच्या लांबीला आधी स्थान दिलं. आता सात कार्बनची साखळी घेऊन दुहेरी बंधाचा कार्बन शाखेत टाकायचा, आणि नाव होतं 3-मिथिलिडीनहेप्टेन. म्हणून एखादं नाव चूक ठरवण्याआधी ते कोणत्या सालच्या नियमांनी दिलं आहे, हेही पाहावं लागतं.