भावाचे पैसे बँकेपेक्षा महाग कसे? कर्जतच्या रिसॉर्टचा हिशोब

(एपिसोडचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.)

कर्जतहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला, तोच आजचा विषय. तो म्हणतो, "दादा, नदीकाठी घरची जागा आहे. आठ खोल्या आणि एक छोटा पूल बांधायचाय. एक कोटी लागतील. साठ लाख बँक देतेय, बारा टक्क्यांनी. वीस माझे आहेत. उरलेले वीस मावसभाऊ भागीदार म्हणून टाकतो म्हणतोय. त्याला ना हप्ता, ना व्याज. मग बँकेकडून घ्यायचेच कशाला? सगळे भागीदारांकडूनच घेतले तर फुकटात पडतील ना?"

फुकटात नाही पडत. या सगळ्या पैशांत मावसभावाचे पैसेच सर्वांत महाग आहेत, तुझे स्वतःचेही तितकेच. कसे ते बघू.

आपण त्याचाच रिसॉर्ट घेऊ. आकडे माझे, सोयीसाठी धरलेले. कर्जतचा धंदा तुम्हाला माहीत आहे, पावसावर चालतो. जून ते सप्टेंबर मुंबई-पुण्याची पोरं धबधबे बघायला येतात. पण एखाद्या वर्षी प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं, उल्हासला पूर येतो, नाहीतर २०२०सारखं सगळंच बंद पडतं. म्हणून तीन प्रकारची वर्षं धरू. पगार, वीज, दुरुस्ती आणि झीज वजा जाता, पण व्याज आणि कर देण्याआधी, वाईट वर्षी ८ लाख उरतात, बऱ्या वर्षी १६ लाख आणि भरभराटीच्या वर्षी २४ लाख. झीज म्हणजे गाद्या, पंप, रंग पुन्हा घ्यायला बाजूला ठेवायचे पैसे. ते बाजूला न ठेवता नफा मोजणारे रिसॉर्ट तीन वर्षांत ओळखू येतात.

आता बँकेचं बघा. साठ लाखांवर बारा टक्के म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार व्याज. (मुद्दल फिटेल तसं ते कमी होईल, आज पहिल्या वर्षाचंच धरतोय.) वाईट वर्ष असो की भरभराटीचं, बँकेला ७ लाख २० हजारच मिळतात. मालकांना काय उरतं? वाईट वर्षी ८० हजार. बऱ्या वर्षी ८ लाख ८० हजार. भरभराटीच्या वर्षी १६ लाख ८० हजार. मालकांचे पैसे गुंतलेत चाळीस लाख, म्हणजे कर भरण्याआधीचा परतावा कधी २ टक्के, कधी २२, तर कधी ४२.

धंदा एकच, खोल्या त्याच, पाऊस तोच. पण पावसाचा सगळा हेलकावा मालकांच्या वाट्याला येतो, बँकेच्या वाट्याला काहीच नाही. शिवाय बँकेकडे जागा गहाण आहे. धंदा बुडाला तर जागा विकून आधी बँकेचे पैसे फिटणार, मग उरलं तर मालकांना. मावसभाऊ रांगेत शेवटचा उभा आहे, आणि त्याला मध्येच बाहेर पडायचं म्हटलं तरी त्याचा हिस्सा विकत घ्यायला कर्जतच्या बाजारात कोणी बसलेलं नाही.

मग अशा माणसाने बारा टक्क्यांवर का समाधान मानावं? तेवढेच मिळणार असतील तर तो बँकेसारखंच तुला व्याजाने देईल आणि जागा गहाण मागेल. म्हणून एकाच धंद्यात मालकाचा पैसा कर्जापेक्षा महाग असतो. हप्ता नसतो एवढंच. हप्ता नाही म्हणजे खर्च नाही, हा गैरसमज आहे. खर्च आहे, फक्त तो पासबुकात दिसत नाही. त्या माणसाने हे पैसे तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी लावले असते, तर जे मिळण्याची अपेक्षा होती तो हा खर्च.

आता भारित सरासरी. इंग्रजीच्या आद्याक्षरांवरून लोक याला 'वॅक' म्हणतात. भांडवलाचा सरासरी खर्च, पण ज्याचा पैसा जास्त त्याचं वजन जास्त. यासाठी दोन गोष्टी लागतात.

पहिली, कर. या मुलाने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली आणि नफ्यावर साधारण २५ टक्के कर लागतो असं धरू. व्याज हा खर्च धरला जातो, म्हणून ७ लाख २० हजारांच्या व्याजामुळे १ लाख ८० हजारांचा कर वाचतो. खिशातून खरे गेले ५ लाख ४० हजार, म्हणजे बारा टक्क्यांचं कर्ज ९ टक्क्यांना पडलं. भागधारकाला दिलेल्या लाभांशावर कंपनीला अशी सूट नाही, तो कर भरून उरलेल्यातून द्यायचा. अंतर वाढण्याचं हे दुसरं कारण. आणि हो, ही बचत नफा असला तरच होते, तोट्याच्या वर्षी लगेच काही वाचत नाही.

दुसरी, मालकाच्या पैशाचा दर. हा कुठल्याच कागदावर छापलेला नसतो. शेअर बाजारातल्या कंपनीसाठी सरकारी रोख्याचा दर घेतात आणि तो शेअर बाजाराच्या तुलनेत किती हिंदकळतो ते बघून त्यात भर घालतात. आठ खोल्यांच्या रिसॉर्टला हे जमत नाही. तिथे उलट बाजूने यायचं. गहाण ठेवूनही बँक बारा मागते, तर गहाण नसलेल्या, रांगेत शेवटी असलेल्या आणि अडकून पडलेल्या पैशाला बरेच जास्त हवेत. मी कर भरल्यानंतरचे २० टक्के धरतो. कोणी अठरा धरेल, कोणी पंचवीस. बारापेक्षा कमी धरणाऱ्याशी मात्र मी वाद घालेन.

आता हिशोब दोन ओळींचा. भांडवलाचे साठ टक्के कर्ज, त्याचा खर्च ९, म्हणजे ५.४. चाळीस टक्के मालकांचे, त्यांचा खर्च २०, म्हणजे ८. बेरीज १३.४ टक्के. एक कोटीच्या या धंद्याने कर भरून, पण व्याज देण्याआधी, वर्षाला सरासरी १३ लाख ४० हजार कमवायला हवेत.

कमावतो किती? सरासरी १६ लाख. २५ टक्के कर काढला की १२ लाख. म्हणजे १२ टक्के, आणि लागतात १३.४.

इथे थांबून बघा, कारण हे फसवं आहे. या रिसॉर्टचं व्याज वेळेवर जातंय. ताळेबंदात नफा आहे. सीए पेढे मागेल. तरी धंदा आपल्या भांडवलाचा खर्च भरून काढत नाहीये. तूट कोणाच्या अंगावर? बँकेच्या नाही, तिचं व्याज पूर्ण गेलं. मालकांना ८ लाख मिळायला हवे होते, मिळाले ६ लाख ६० हजार, म्हणजे साडेसोळा टक्के. तुटीचा निम्मा भाग मावसभावाचा, आणि त्याला ते कळणारही नाही, कारण कोणी त्याला हप्ता चुकल्याची नोटीस पाठवत नाही.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो. कर्ज स्वस्त आहे ना, मग ऐंशी लाख कर्ज काढू! काढून बघा. व्याज होईल ९ लाख ६० हजार. वाईट वर्षी कमाई ८ लाख. म्हणजे एका खराब पावसाळ्यात १ लाख ६० हजार खिशातून घालायचे, शिवाय मुद्दल वेगळंच. बँकेलाही हे दिसतं, ती दर वाढवते किंवा नाही म्हणते. आणि मालकांच्या उरलेल्या वीस लाखांवरचा हेलकावा आणखी मोठा होतो, म्हणून त्यांची अपेक्षा वीसवर थांबत नाही. कर्ज स्वस्त दिसतं, कारण त्याची जोखीम मालकाने उचललेली असते. कर्ज वाढवलं की ती जोखीम नाहीशी होत नाही, मालकाच्या बाजूला सरकते. कराची बचत तेवढी खरी.

हे पुस्तकी वाटत असेल तर कर्जतच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात चला. खोपोली-पाली रस्त्याला सांगडेवाडीत इमॅजिका आहे. तुमच्यापैकी अर्धे शाळेच्या सहलीला गेले असतील. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्स एन्टरटेनमेंटने ते २०१३ मध्ये सुरू केलं, आणि त्यात बँकांचं फार मोठं कर्ज होतं. थीम पार्कचं गणित अवघड असतं. झुले, इमारती, जमीन यांचा पैसा आधी पूर्ण घालायचा आणि तिकिटं नंतर हळूहळू विकायची. माणसं अंदाजापेक्षा कमी आली तरी व्याज कमी होत नाही.

२०१५च्या मार्चमध्ये कंपनीने आयपीओ आणला, मुख्य उद्देश कर्जाचा काही भाग फेडणं. कर्ज काढून भागभांडवल घालायचं, म्हणजे आपल्या हिशोबाने स्वस्त पैसा जाऊन महाग पैसा आला. तरीही ते गरजेचं होतं, कारण प्रश्न व्याज झेपण्याचा होता. पण नवा भागधारक रांगेत शेवटी उभा राहायची किंमत मागतोच. आधी २२१ ते २३० रुपयांचा किंमतपट्टा ठरला होता. प्रतिसाद अपुरा पडला, मुदत वाढवावी लागली आणि पट्टा खाली आणावा लागला. शेअरची किंमत खाली येते म्हणजे तेवढेच पैसे उभे करायला मालकीचा जास्त हिस्सा द्यावा लागतो. महाग पैसा म्हणतात तो हा, फक्त टक्क्यांऐवजी हिश्श्यात मोजलेला.

पुढे तोटे चालू राहिले, कर्ज थकलं, मग २०२० मध्ये कोविडने फाटक बंद झालं. शेअर एक आकडी रुपयांवर आला होता. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने नवं भांडवल घालून ताबा घेतला. बँकांना आपल्या येण्यातला भाग सोडावा लागला. २०१५ साली शेअर घेऊन धरून बसलेल्यांनी त्याआधीच जवळपास सगळं गमावलं होतं. दोघांनी पैसा एकाच पार्कमध्ये घातला होता. कर्ज धोक्यात येण्याआधी भागधारक भरडला जातो, याच क्रमाची किंमत तो आधीपासून मागत असतो.

आता आपल्या श्रोत्याचं एक राहिलं, आणि कर्जत-खालापुरात ते सगळ्यांनाच लागू आहे. तो म्हणाला, "घरची जागा आहे." एक कोटीच्या हिशोबात ती कुठेच आली नाही. आजोबांनी घेतली, म्हणून फुकट? नवी मुंबई विमानतळ आणि पनवेल-कर्जत रेल्वेमार्ग यांच्या नावावर एजंट रोज फोन करतात, तेव्हा तिची किंमत आपल्याला बरोबर आठवते. ती जागा आज चाळीस लाखांना जात असेल, तर तो चाळीस लाखांचा मालकी पैसाच धंद्यात घातला आहे. भांडवल एक कोटी चाळीस लाख झालं, आणि १२ लाखांची कमाई त्यावर जेमतेम साडेआठ टक्के. जागेचा भाव वाढला तर तो फायदा आहेच, पण तो जागेचा. रिसॉर्ट न बांधताही मिळाला असता.

आणि मावसभावाचा हिस्सा? जागा मोजली नाही तर त्याचे वीस लाख हे चाळीसमधले वीस, म्हणजे निम्मी मालकी. जागा मोजून कंपनीत घातली तर ऐंशीतले वीस, म्हणजे पाव. जागा कंपनीला भाड्याने दिली तर हिस्सा निम्माच राहील, पण भाडं खर्चात येईल आणि दोघांचाही नफा घटेल. तिन्ही रीती चालतात. कुठली धरली ते शेअर वाटण्याआधी कागदावर, जागेच्या किमतीसकट आणि तारखेसकट लिहून घ्या. पहिला चांगला पावसाळा गेल्यावर तो कागद करायला कोणी बसत नाही.