फराळाच्या डब्यावरची चिठ्ठी

भोसरीतला एखादा छोटा कारखानदार दिवाळीत आपल्या ग्राहक कंपन्यांना फराळाचे डबे पाठवतो. डब्यावर चिठ्ठी असते: 'आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. आपले सहकार्य असेच लाभत राहो व नवीन वर्षात सेवेची अधिक संधी मिळो, ही अपेक्षा.' पहिलं वाक्य ग्राहकाच्या घरासाठी आहे, दुसरं स्वतःच्या ऑर्डरसाठी. खरेदी विभागातला माणूस वर्षभर पुरवठादारांच्याच चिठ्ठ्या वाचत असतो, त्याला हे सांगावं लागत नाही. चकली तो खातो, पण चिठ्ठीची नोंद मनात वेगळ्या खात्यावर होते.

यावर उपाय म्हणून अनेक जण भाषा आणखी नम्र करतात. त्याने मागणी झाकली जात नाही, उलट जास्त दिसते. खरं तर पुढच्या वर्षाबद्दल बोलायचंच नाही. घडून गेलेल्या एखाद्या गोष्टीचे आभार मानायचे, आणि ती त्या माणसालाच ओळखता येईल अशी हवी. उदाहरणार्थ: 'जुलैच्या पावसात आमचा टेम्पो अडकला, तेव्हा तुमच्या स्टोअरच्या मंडळींनी रात्री थांबून माल उतरवून घेतला. आम्ही विसरलेलो नाही. डब्यात घरची भाजणीची चकली आणि बेसनाचे लाडू आहेत, लाडवात काजू आहेत. सगळ्यांना शुभ दीपावली!' खाली हाताने सही. हुद्दा नको, व्हिजिटिंग कार्डही नको. फोन नंबर त्यांच्याकडे आहेच. आणि डबा साहेबांच्या केबिनमध्ये नव्हे, स्टोअरच्या टेबलावर जावा.

लिहून झालं की एक परीक्षा घ्या. उद्या या ग्राहकाने काम देणं बंद केलं, तरी हे प्रत्येक वाक्य खरं राहील का? जे राहत नाही, ते खोडा. काम थांबवलेल्या जुन्या ग्राहकाला लिहिताना तर जास्तच जपावं लागतं. 'बऱ्याच दिवसांत गाठ नाही' हे आपल्याला आपुलकीचं वाटतं, त्याला मात्र तक्रार वाटते.

मजकूर कितीही स्वच्छ असला तरी दोन गोष्टी तो बिघडवतात. एक म्हणजे पाठोपाठचा फोन. 'डबा मिळाला ना?' विचारून झाल्यावर 'बरं, त्या कोटेशनचं काय झालं?' आलं की चिठ्ठी वाया गेली. दुसरी म्हणजे वेळ. दर ठरायचा असताना आलेली भेट कोणत्याही शब्दांनी निर्मळ होत नाही.

मोठ्या कंपन्या हल्ली दिवाळीआधी पुरवठादारांना भेटवस्तू न पाठवण्याचं पत्रच धाडतात. तिथे नुसतं कार्ड पाठवावं, त्यात कमीपणा नाही. आणि तुमचं कोटेशन एखाद्या टेबलावर पडलेलं असेल, तर तिथला डबा यंदा थांबवा. निर्णय झाल्यावर, तो तुमच्या विरोधात गेला तरी, तुळशीच्या लग्नाला पाठवा.