दोन किरण आणि सरकणारी मेणबत्ती

दहावीच्या विज्ञानात बहिर्वक्र भिंगाच्या सहा किरणाकृत्या येतात आणि बरीच मुलं त्या सहाही वेगवेगळ्या पाठ करतात. खरं तर आकृती एकच आहे. वस्तू जवळ आणताना तिच्यातला एकच किरण कलतो, बाकी सगळं त्यामागून येतं.

समजा, भिंगाचं नाभीय अंतर 10 सेंटिमीटर आहे आणि मुख्य अक्षावर ठेवलेल्या मेणबत्तीची ज्योत 2 सेंटिमीटर उंच आहे. ज्योतीच्या टोकापासून निघणारा पहिला किरण अक्षाला समांतर जातो, भिंगात वळतो आणि पलीकडच्या नाभीतून खाली उतरतो. दुसरा किरण भिंगाच्या मध्यातून न वळता सरळ जातो. दोघे जिथे छेदतात तिथे टोकाची प्रतिमा. हा छेद अक्षाच्या खाली पडतो, म्हणून ज्योत उलटी दिसते.

आता मेणबत्ती पुढे सरकवा. पहिला किरण जागचा हलत नाही, कारण ज्योतीची उंची तीच आहे. दुसरा मात्र अधिकाधिक तिरपा होतो.

मेणबत्ती 60 सेंटिमीटरवर असताना दुसरा किरण जवळजवळ आडवाच असतो. पहिला त्याला नाभीच्या थोडं पुढे, 12 सेंटिमीटरवर गाठतो आणि प्रतिमा जेमतेम 4 मिलिमीटरची पडते. मेणबत्ती 30 वर आणली तर प्रतिमा 15 वर जाते. म्हणजे वस्तू तब्बल 30 सेंटिमीटर सरकली, प्रतिमा फक्त 3. अंतर 20 केलं की प्रतिमाही 20 वर, अगदी ज्योतीएवढी. मेणबत्ती आणि पडदा यांच्यात 40 सेंटिमीटरपेक्षा कमी जागा असेल, तर हे भिंग पडद्यावर स्पष्ट प्रतिमा देऊच शकत नाही. प्रयोग फसतो तो अनेकदा याच कारणाने.

इथून पुढे पारडं फिरतं. मेणबत्ती 15 वर आणली की प्रतिमा 30 वर, दुप्पट. 12 वर आणली की थेट 60 वर, पाचपट. आता वस्तू 3 सेंटिमीटर सरकते आणि प्रतिमा 30 पळते! दोन्ही किरणांचा उतार जवळपास सारखा झालेला असतो, त्यामुळे त्यांची गाठ लांब लांब पडत जाते. बरोबर 10 वर ते समांतर होतात. मग भेट नाही आणि पडद्यावर प्रतिमाही नाही.

नाभीच्या आत, म्हणजे 5 सेंटिमीटरवर, दुसरा किरण पहिल्यापेक्षा तिरपा होतो आणि दोघे पांगतात. त्यांना तुटक रेघांनी मागे वाढवलं, तर त्या मेणबत्तीच्याच बाजूला 10 सेंटिमीटरवर, अक्षाच्या वर छेदतात. ही प्रतिमा सुलटी, 4 सेंटिमीटर उंच आणि आभासी असते. तिथे कागद धरला तर काहीही उमटत नाही, पण भिंगातून पाहणाऱ्या डोळ्याला ती स्वच्छ दिसते. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर डोळ्याला भिंग लावून बारीकसं चाक नाभीच्या किंचित आत धरतो, ते याचसाठी.